गालिचा घेताय? आधी पावसाळ्याचा विचार करा

दिवाळीच्या आधी ऑनलाइन सेल लागले की गालिच्यांच्या बाबतीत एक गोंधळ ठरलेला असतो. एकाच मापाचे, फोटोत जवळजवळ सारखे दिसणारे चार गालिचे समोर येतात. एकावर ‘नॅचरल जूट’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘हँडटफ्टेड वुल’, तिसरी ‘कॉटन दरी’, म्हणजे आपली सतरंजी, आणि चौथ्यावर नुसतंच ‘प्रीमियम सॉफ्ट’. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक. वर्णन वाचायला जावं तर चारही टिकाऊ, चारही स्वच्छ करायला सोपे आणि चारही पायाला मऊ.

हे सगळं खोटं नसतं, पण कुठल्या घरात, हे कोणी सांगत नाही. कोरड्या हवेच्या, थंड देशातल्या दिवाणखान्यात जे खरं असतं ते ठाण्यात किंवा रत्नागिरीत खरं असेलच असं नाही. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते. माणसं घरात अनवाणी वावरतात आणि खाली बसून जेवतातसुद्धा. शिवाय चार महिने हवेतच पाणी असतं. त्यामुळे टिकाऊपणा, धुणं आणि आराम हे तीन वेगळे प्रश्न वाटले तरी आपल्याकडे ते एकाच प्रश्नात येऊन मिळतात: हा धागा पाण्याचं काय करतो?

धागा हवेतलं पाणी पितो

कपडे दोरीवर वाळले की आपण ते कोरडे झाले म्हणतो. पण बहुतेक धाग्यांच्या आत तेव्हाही थोडं पाणी असतंच, कारण ते हवेतली वाफ शोषत राहतात. पूर्ण सुकवलेला धागा साधारण हवेत ठेवल्यावर स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी ओढून घेतो, याला आर्द्रता-शोषण म्हणतात. साधारण हवा म्हणजे 65 टक्के आर्द्रतेची. अशा हवेत सुती धाग्याचं हे शोषण 8 टक्क्यांच्या आसपास येतं, जूटचं 13 ते 14 आणि लोकरीचं 16 च्या पुढे. पॉलिएस्टरचं अर्धा टक्काही नसतं. स्वस्त मशीनमेड गालिच्यांत सर्वाधिक दिसणाऱ्या पॉलिप्रोपिलीनचं तर जवळपास शून्य.

आता मुंबईचा जुलै घ्या. बाहेरची आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि तशा हवेत हे सगळे आकडे वाढतात. आर्द्रता 75-80 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरायला वेगळं पाणी सांडावं लागत नाही. तिला फक्त खायला काहीतरी हवं असतं.

इथे एक कोडं दिसेल. आकड्यांवरून पाहिलं तर सर्वांत जास्त पाणी लोकर पिते, म्हणजे पावसाळ्यात तिचेच हाल व्हायला हवेत. प्रत्यक्षात कुजतं ते जूट. हे का होतं ते कळलं की दुकानातला अर्धा निर्णय आपोआप होतो.

जूट: दिसायला कणखर, पाण्यापुढे दुबळं

जूट म्हणजे ताग. जूटचा गालिचा म्हणजे गोणपाटाचाच जास्त निगुतीने विणलेला भाऊ, आणि गोणपाट पावसात राहिला की त्याचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. काळे ठिपके पडतात, कुबट वास सुटतो आणि काही दिवसांनी तो ओढला की फाटतो.

कारण धाग्याच्या घडणीत आहे. जूटचा लांब दिसणारा तंतू अखंड नसतो. तो दोन-तीन मिलिमीटरच्या अगदी बारीक पेशी एकमेकींना चिकटून बनलेला असतो. त्यांना धरून ठेवणारं द्रव्य दोन प्रकारचं: एक लाकडात असतं ते लिग्निन, आणि दुसरं हेमिसेल्युलोज. हे दुसरं पाणी पटकन ओढतं आणि बुरशीला पटकन पचतं. म्हणजे बांधकामातला चुनाच पाण्याने सुटू लागतो. म्हणून ओलं जूट कोरड्या जूटपेक्षा कमजोर असतं. आणि नव्या जूट गालिच्याखाली रोज जो तपकिरी भुसा पडलेला दिसतो, तो याच बारीक पेशी झिजून पडलेल्या असतात. तो थोडाफार पडणारच. पण पावसाळ्यानंतर तो अचानक वाढला आणि दोर चिमटीत चुरला जाऊ लागला, तर धागा आतून गेला असं समजावं.

दुसरी अडचण डागांची. जूटमध्ये पाण्यात विरघळणारी तपकिरी द्रव्यं असतात. गालिच्यावर नुसतं स्वच्छ पाणी सांडलं तरी ते पसरताना ही द्रव्यं सोबत घेऊन कडेला जातं आणि वाळल्यावर तिथे तपकिरी रिंगण राहतं. म्हणजे चहा सांडला तर चहाचा डाग, आणि तो पुसायला पाणी घेतलं तर पाण्याचाही डाग. त्यामुळे जूट ओलं करून साफ करता येत नाही. सांडलेलं लगेच कोरड्या फडक्याने वरून दाबून टिपायचं, चोळायचं नाही, आणि पंखा लावून दोन्ही बाजूंनी सुकवायचं. एवढंच करता येतं. नेहमीच्या स्वच्छतेसाठी व्हॅक्यूम किंवा बाहेर नेऊन झटकणं पुरे.

आपल्या घरांत जूटचा खरा शत्रू मात्र पाऊसही नसतो. सकाळी लादी पुसताना गालिचा उचलतात, खालून फडकं मारतात आणि तो तसाच ओल्या लादीवर टाकतात. वरून सगळं कोरडं दिसतं, खाली मात्र जाड दोराच्या वळ्यांमध्ये ओल कोंडलेली राहते. हे रोज घडतं. दोन-तीन पावसाळ्यांत गेलेले जूट गालिचे उलटून पाहिले तर काळे ठिपके बहुतेक वेळा खालच्याच बाजूने सुरू झालेले असतात.

मग जूट घ्यायचंच नाही का?

तसं नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी जिथे आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते, त्या नागपूर-अकोल्याकडे वर्षातले आठ महिने जूट मजेत राहतं. पावसाळा आला की गुंडाळून उंच जागी ठेवायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळायचं, म्हणजे आतली ओल बाहेर पडू शकते. जिथे पाण्याचा ग्लास येत नाही अशा वाचायच्या कोपऱ्यात किंवा देवघरापासून दूरच्या भिंतीशी जूट छान दिसतं. देवघराजवळ नको, कारण तेल आणि तीर्थ दोन्ही सांडतं.

आरामाचं म्हणाल तर जूट तळव्याला खरखरीत लागतं. काहींना तेच आवडतं. पण रांगतं मूल असेल तर त्याच्या गुडघ्यांना विचारून घ्या.

सतरंजी: हिचं बळ ओलं झाल्यावर वाढतं

सुती धागाही बुरशीला आवडतो, त्यात सतरंजी जूटपेक्षा फार वेगळी नाही. फरक असा की कापसाचा तंतू ही एकच लांब, सलग पेशी असते आणि त्यात जवळजवळ सगळं शुद्ध सेल्युलोज असतं. सुटून जाणारा चुना त्यात नसतो. उलट ओला झाल्यावर सुती धागा कोरड्यापेक्षा थोडा बळकट होतो. म्हणून सतरंजी पिळता येते, आपटता येते, धुता येते. बुरशीची सुरुवात झाली तरी धुऊन कडक उन्हात टाकली की बहुतेक वेळा सावरते.

दुसरी गोष्ट विणीची. सतरंजीला लव, म्हणजे वर उभी राहणारी धाग्यांची टोकं, नसते. सपाट विणलेली असते, आणि चांगली सतरंजी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पंजा नावाच्या धातूच्या दातेरी अवजाराने आडवे धागे इतके घट्ट ठोकून बसवतात की खालचे उभे धागे झाकले जातात. उत्तर प्रदेशातलं मिर्झापूर, कर्नाटकातलं नवलगुंद आणि तेलंगणातलं वरंगळ इथल्या दऱ्यांना भौगोलिक मानांकन आहे. राजस्थानात जोधपूरजवळचं सालावास पंजा दरीसाठी प्रसिद्ध आहे. लव नसल्यामुळे चपटी होण्यासारखं काही नसतं, आणि एक बाजू मळली तर उलटून घालता येते. त्याची दुसरी बाजू म्हणजे धूळ विणीतून खाली लादीवर उतरते. ती तिथेच राहिली तर पायाखाली खर कागदासारखी घासत सतरंजी झिजवते. म्हणून आठवड्यातून एकदा उचलून खालून झाडायलाच हवं.

घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पांढरा रुमाल ओला करून सर्वांत गडद रंगावर, लाल किंवा निळ्यावर, दोन-तीन मिनिटं दाबून धरा. रुमालावर रंग उतरला तर पहिल्या धुण्यात तो शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावरही उतरणार. दुसरं म्हणजे आखडणं. आधी न धुतलेली सतरंजी पहिल्या धुण्यात चार-पाच टक्के आखडू शकते, म्हणजे सहा फुटांची असेल तर तीन-साडेतीन इंच. सोफ्याच्या पायांना नेमकी भिडेल अशी मोजून घेतली असेल तर पुढे त्रास होतो.

हळदीबद्दल सगळे विचारतात. हळदीचा रंग सुती धाग्याला सहज चढतो आणि साबण लागला की डाग लालसर होतो. तेव्हा घाबरून आणखी साबण घासायचा नाही. साधं पाणी घालून साबण काढून टाका आणि थेट उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, दोन-चार दिवसांत बराच विटतो. वरणाच्या डागातलं तेल मात्र साबणानेच निघतं, तेव्हा साबण लावून नीट धुवा, नंतर ऊन दाखवा.

आराम या बाबतीत सतरंजी मधली. उन्हाळ्यात तिच्यावर पडून राहणं सुखाचं, पण पातळ असल्यामुळे लादीचा टणकपणा लपवत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर ती सरकते, हा मुद्दा हलका घेऊ नये. खाली रबरी जाळी हवीच.

इतक्या उकाड्यात लोकर?

आता त्या कोड्याकडे. लोकरीच्या तंतूवर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरासारखे. पावसाचा थेंब कौलांवरून ओघळून जातो, पण घरातली वाफ फटींतून बाहेर पडते. लोकरीचंही तसंच: वर पडलेलं पाणी काही क्षण थेंब होऊन राहतं, पण हवेतली वाफ मात्र तंतूच्या आत जाते आणि हवा कोरडी झाली की बाहेर येते. धनगरांची घोंगडी रानात भिजूनही उपयोगाची राहते त्यामागे हाच गुण आहे. दख्खनी मेंढीची जाड लोकर आणि तिच्यावरचा स्निग्धांश दोन्ही तिथे कामाला येतात.

शिवाय लोकर हे आपल्या केसांसारखंच प्रथिन आहे, गंधकाच्या जोडांनी घट्ट बांधलेलं. सेल्युलोज खाणाऱ्या बुरशीला ते सहजी पचत नाही. म्हणून लोकर पाणी जास्त पिऊनही जूटइतकी पटकन कुजत नाही. तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो, त्यामुळे टेबलाच्या पायाने दबलेली लव वाफ दिली की पुन्हा उभी राहते. चांगला हातगाठींचा लोकरी गालिचा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो या गुणावर.

पण केराटिन नावाचं हेच प्रथिन खाणारे दोन किडे आहेत, कसर आणि कार्पेट बीटल. खातात त्या त्यांच्या अळ्या, आणि त्यांना अंधार आणि शांतता आवडते. त्यामुळे गालिच्याचा चालता भाग शाबूत आणि पलंगाखालचा भाग टक्कल पडलेला, असं दिसतं. वाळूच्या कणांसारखी बारीक विष्ठा किंवा रेशमी नळ्या दिसल्या की समजावं. महिन्यातून एकदा सोफा सरकवून खालचा भाग व्हॅक्यूम करणं आणि अधूनमधून उलट्या बाजूने ऊन दाखवणं, हा त्यावर डांबरगोळ्यांपेक्षा चांगला उपाय.

आणि लोकरीवर ब्लीच कधीही नाही. डाग निघण्याची गोष्ट सोडाच, घरगुती क्लोरीन ब्लीचमध्ये लोकर चक्क विरघळते. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीही नकोत. त्या अल्कधर्मी असतात आणि अनेकांत प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम असतात. गालिचाच प्रथिनाचा असल्यावर ती कशावर काम करणार? गरम पाण्यात चोळलं तर खवले एकमेकांत अडकतात आणि लव नमद्यासारखी घट्ट बसते, ती पुन्हा सुटत नाही. लोकरीच्या कपड्यांचं सौम्य द्रावण, थंड पाणी आणि टिपून घेणं, एवढंच घरी करावं.

उकाड्याचं म्हणणं मात्र खरं आहे. लोकरीच्या लवेत हवा कोंडलेली असते, म्हणून ती पायाला उबदार लागते. नाशिकच्या डिसेंबरात हे सुख आहे. रत्नागिरीच्या मे महिन्यात नाही. किनारपट्टीला लोकर घ्यायचीच तर कमी लवेची, किंवा सतरंजीसारखी सपाट विणलेली घ्यावी. नवा लोकरी गालिचा पहिले काही महिने लोकरीचे पुंजके सोडतो. ते कापताना राहिलेले तोकडे तंतू असतात, त्याला खराब माल समजून परत करू नये.

सिंथेटिकला पाणी लागतच नाही, मग अडचण काय?

पॉलिप्रोपिलीनचा धागा पाणी शोषत नाही. तो पाण्यापेक्षा हलका असतो, तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो. त्याचा रंगही नंतर चढवलेला नसतो, धागा ओढण्याआधी प्लास्टिकच्या रसातच मिसळलेला असतो. म्हणून हळद, चहा, मुलांचे वॉटरकलर यांना तो सहसा धरत नाही. बुरशीला त्यात खायला काही नसतं. जेवणाच्या टेबलाखाली किंवा बाल्कनीत याच्याइतकं निश्चिंत दुसरं काही नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

पण ‘धागा पाणी पीत नाही’ आणि ‘गालिचा पाणी पीत नाही’ यांत फरक आहे. बहुतेक स्वस्त मशीनमेड गालिचे पाठीमागून जूटच्या आडव्या धाग्यांवर विणलेले असतात. वरून पॉलिप्रोपिलीन, खालून ताग. नळाखाली धरून धुतला की लव तासाभरात वाळते आणि पाठ तीन दिवस ओली राहते. मग वास येतो आणि दोष सिंथेटिकला दिला जातो.

दुसरी अडचण अशी की पाण्याला नकार देणारा हा धागा तेलाला मात्र जवळ करतो. तळलेल्या भज्यांच्या हातांचा आणि तेल लावलेल्या पायांचा चिकटपणा त्यात बसतो, त्यावर धूळ चिकटते, आणि चालायच्या वाटेवर एक करडा पट्टा तयार होतो. त्यातच लव दबली की उभी राहत नाही. दोन-तीन वर्षांत तो पट्टा कितीही धुतला तरी दिसतो, कारण तो मळ कमी आणि चपटेपणा जास्त असतो. पॉलिएस्टरचे मऊमऊ शॅगी गालिचे दुकानात हाताला फार छान लागतात. त्यांच्या लांब लवेत मात्र शेवेचे तुकडे, केस आणि वाळू जाऊन बसते, आणि साध्या झाडूला ती सापडत नाही.

उष्णतेचाही विचार करावा. पॉलिप्रोपिलीन साधारण 165 अंश सेल्सियसला वितळतं. धूपदाणीतला निखारा किंवा फुलबाजीची ठिणगी पडली की गोल, टणक भोक पडतं. लोकर अशा वेळी जळते पण ज्वाला सहसा धरून ठेवत नाही, वरचा काळा भाग चुरगळून झाडता येतो.

लेबल वाचण्याआधी उलटून बघा

धाग्याइतकंच महत्त्व पाठीला आहे, आणि तिच्याबद्दल जाहिरात क्वचित बोलते. गालिचा उलटल्यावर पुढची नक्षी मागेही स्पष्ट दिसली, प्रत्येक गाठ मोजता आली, तर तो हातगाठींचा. भदोही-मिर्झापूर पट्ट्यातले नावाजलेले गालिचे असे असतात. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल आणि नक्षी दिसत नसेल तर तो हँडटफ्टेड: लवेचे धागे कापडात टोचून मागून लॅटेक्सच्या डिंकाने पकडलेले असतात. लोकर अव्वल असली तरी त्याचं आयुष्य त्या डिंकाइतकंच. दमट उकाड्यात काही वर्षांनी लॅटेक्स कोरडा पडून चुरा होतो. गालिच्याखाली पिवळसर पावडर पडू लागते, रबराचा उग्र वास येतो आणि लवेचे झुबके निघतात. ‘लोकर टिकत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळ घरांत प्रत्यक्षात डिंक टिकलेला नसतो. हँडटफ्टेड गालिचा पूर्ण बुडवून धुणं म्हणजे त्याचं आयुष्य कमी करणं.

धागा ओळखायला जुनीच परीक्षा चालते. कडेचा एक धागा काढून स्टीलच्या ताटलीत पेटवा. केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरगळणारी राख म्हणजे लोकर. कागदासारखा जळून हलकी राख राहिली तर सुती किंवा जूट. वितळून टणक मणी झाला तर सिंथेटिक. ‘वुल टच’ किंवा ‘वुल फील’ लिहिलेल्या मालात बहुधा मणीच निघतो.

एक घर धरून पाहू

डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या. हॉल दहा बाय चौदा फुटांचा. घरात काठी घेऊन चालणाऱ्या आजी, दोन वर्षांचा नातू, नोकरी करणारे आई-बाबा. सकाळी कामाच्या मावशी येऊन लादी पुसतात. वाळवायला एक बाल्कनी, तिला ग्रिल.

मनात आलेला गालिचा सहा बाय नऊचा, जूटचा, कारण फोटोत तोच सुंदर दिसतो. तो इथे तिन्ही बाजूंनी चुकतो. मावशी तो रोज ओल्या लादीवर ठेवणार, नातू त्यावर दूध सांडणार, आणि त्याच्या जाड कडेला आजींची काठी अडकणार.

मग सुती सतरंजी, पण मापाचा हिशेब करून. मध्यम जाडीची सतरंजी चौरस मीटरला साधारण 1.3 किलो धरू. सहा बाय नऊ फूट म्हणजे 5 चौरस मीटर, वजन साडेसहा किलो. धुऊन हाताने पिळल्यावर वजन दुप्पट होतं, म्हणजे तेरा किलो ओलं ओझं बाथरूममधून बाल्कनीत न्यायचं आणि ग्रिलवर टाकायचं. हे महिन्याला कोणी करणार नाही. चार बाय सहाची सतरंजी 2.2 चौरस मीटर, कोरडी तीन किलो, पिळल्यावर सहा. एका माणसाला झेपते, ग्रिलवर मावते. तेव्हा एक मोठी घेण्याऐवजी चार बाय सहाच्या दोन घ्याव्यात, एक खाली आणि एक धुण्यात किंवा कपाटात. वाळवताना एकाच दांडीवर टाकली की पाण्याच्या वजनाने मधून ताणली जाते. दोन समांतर दांड्यांवर पसरून टाकली तर आकार टिकतो.

मावशींना एवढंच सांगायचं, “पुसून झाल्यावर लगेच टाकू नका, मावशी. पंख्याखाली लादी वाळली की आम्हीच टाकू.” जुलैमध्ये त्याला वीस मिनिटंही लागतील. तोवर सतरंजी खुर्चीच्या पाठीवर राहील.

जेवणाच्या टेबलाखाली सपाट विणीचा पॉलिप्रोपिलीनचा तुकडा घ्यावा, पाठही सिंथेटिकच असलेला. ‘आउटडोअर’ म्हणून विकतात त्यांत असे मिळतात. आई-बाबांच्या खोलीत खर्च करायची इच्छा असेल तर तीन बाय पाचचा, कमी लवेचा, हातगाठींचा लोकरी गालिचा घेता येईल. त्या खोलीत पाणी कमी येतं आणि पावलंही कमी पडतात. आजींच्या पलंगाशेजारी मात्र काहीही नको. रात्री उठून चष्म्याशिवाय चालणाऱ्या माणसाच्या वाटेत सुटी कड ठेवणं, ती कुठल्याही धाग्याची असो, धोक्याचं आहे.

सरळ ड्रायक्लीनला दिलं तर?

लोकरी हातगाठीचा गालिचा वर्ष-दोन वर्षांतून गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे द्यावा, हे योग्यच. पण देताना तो हातगाठींचा आहे की टफ्टेड, हे स्वतः सांगा, आणि वाळवून परत कधी देणार ते विचारा. पावसाळ्यात कोणाकडेच द्यायचा नाही. तिथेही वाळवायला ऊनच लागतं. वरून कोरडा, पोटात ओला असा परत आलेला गालिचा दोन दिवसांत घरभर वास सोडतो. परत आल्यावर पाठीला तळहात टेकवून पाहा. शेजारच्या लादीपेक्षा थंड लागला तर तो अजून ओला आहे.

आणि एका मालापासून लांब राहा, निदान जमिनीवर घालण्यासाठी. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ नावाने विकला जाणारा चमकदार गालिचा बहुधा व्हिस्कोसचा, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याचा असतो. व्हिस्कोस ओला झाला की त्याचं बळ जवळपास निम्म्यावर येतं, आणि साध्या पाण्यानेही पिवळे डाग पडून लव चिकटून बसते. त्याला पाणी चालत नाही, घाम चालत नाही, आपली रोजची लादी पुसणं तर मुळीच चालत नाही. किंमत मात्र लोकरीच्या जवळपास लावलेली असते.